उशिरा आलेला वारस

मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका दुःखी मातेच्या अर्जावर दिलेला अंतरिम आदेश अनेकांनी हळहळत वाचला असेल. कर्करोगाने गेलेल्या तिच्या अविवाहित मुलाने उपचारांच्या काळात आपले वीर्य गोठवून ठेवले होते. आपण मेलो तर ते नष्ट करावे, असे त्याने केंद्राच्या छापील अर्जावर लिहून दिले होते. आईला मात्र वंशाचा तो एकच धागा राखावयाचा होता. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नमुना नष्ट करू नये, एवढेच न्यायालयाने त्या वेळी सांगितले. कारण तो एकदा नष्ट झाला की पुढचा सारा वाद निरर्थक ठरला असता. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका मृत तरुणाचा नमुना त्याच्या आईवडिलांच्या हाती देण्यास सांगितले होते. आणि त्याही आधी, २०१८ च्या फेब्रुवारीत, पुण्यात एका मातेने परदेशी जतन करून ठेवलेल्या आपल्या दिवंगत मुलाच्या वीर्यापासून जुळ्या नातवंडांचे मुख पाहिले होते. मुलगा २०१६ मध्ये वारला होता.

या तिन्ही प्रसंगांत चर्चा झाली ती एकाच प्रश्नाची : असे मूल जन्माला येऊ द्यावे की नाही? तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो आणि त्याकडे अजून कोणी नीटसे पाहिलेले नाही. मूल जन्माला आल्यावर बापाच्या इस्टेटीत त्याला हिस्सा मिळणार की नाही? मिळावयाचा असेल तर तो कोणाच्या हिश्शातून? त्या मुलाला माया लावणारे आजी, काका, बहीण हेच सातबाऱ्यावर नाव लावण्याची वेळ आली म्हणजे प्रतिवादी होऊन बसतात, हे कोकणाला काही नव्याने सांगावयास नको.

वीर्याच्या प्रकरणांपेक्षाही हा प्रश्न अधिक टोकदार होतो तो गोठवलेल्या भ्रूणाच्या बाबतीत. येथे अपत्याचा संकल्प नवरा-बायकोने दोघांनी मिळून केलेला असतो. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा प्रयोगशाळेत संयोग घडवून पाच-सहा दिवस वाढविलेला भ्रूण, त्यात बर्फाचे स्फटिक होऊ नयेत अशा रीतीने अत्यंत वेगाने थंड करून, उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवला जातो. एका उपचारात तीन-चार भ्रूण तयार झाले, तर एक गर्भाशयात सोडून बाकीचे पुढील प्रयत्नासाठी राखावयाचे, हा आता या उपचारांतला नित्याचा भाग आहे. त्या तापमानात भ्रूणाचे वय जणू थांबते. आज ठेवलेला भ्रूण आठ वर्षांनी गर्भाशयात सोडला, तरी जन्मणारे मूल त्याच आईबापांचे असते. आपल्या देशात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने ही साठवण दहा वर्षांपर्यंत मान्य केली आहे. त्या दहा वर्षांत बाप राहील की नाही, याची हमी मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरील एक कल्पित कुटुंब घेऊन ही गुंतागुंत उलगडून पाहू. समजा, एका गृहस्थाने मुंबईतल्या नोकरीच्या कमाईतून गावी १२० गुंठे जमीन घेतली. काही आंबा, काही माड. तो मृत्युपत्र न करता २०२४ मध्ये वारला. मागे पत्नी, एक मुलगी आणि विधवा आई. शिवाय मुंबईच्या एका उपचारकेंद्रात दोन गोठवलेले भ्रूण. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगी व आई या तिघींना सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ४० गुंठे. गावच्या चावडीवर वारसाचा अर्ज जातो, तो वारसांच्या नोंदवहीत चढतो, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही म्हणजे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर तीन नावे लागतात. उपचारकेंद्रातल्या त्या दोन भ्रूणांविषयी तेथे कोणी विचारीत नाही. विचारण्याची तरतूदच नाही.

पुढे २०२५ मध्ये आई वारली. तिच्या ४० गुंठ्यांपैकी निम्मे तिच्या हयात मुलाला, म्हणजे मुलीच्या काकाला, आणि निम्मे आधी वारलेल्या मुलाच्या अपत्याला, म्हणजे नातीला. आता हिशेब असा झाला : पत्नीचे ४०, मुलीचे ६०, काकाचे २०. किनाऱ्यावरच्या जमिनीला पर्यटनामुळे भाव आलेला. काकाने आपले २० गुंठे रीतसर खरेदीखत करून एका त्रयस्थाला विकले. आणि २०२७ मध्ये पत्नीने, पतीच्या लेखी संमतीच्या आधारे, त्यांतला एक भ्रूण आपल्या गर्भाशयात घेऊन पुत्राला जन्म दिला.

त्या पुत्राला बापाच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा वारस मानले, तर सारी वाटणी मुळापासून बदलते. बापाच्या १२० गुंठ्यांचे तीन नव्हे, चार भाग, प्रत्येकी ३०. आजीच्या ३० पैकी काकाला १५ आणि दोन नातवंडांना मिळून १५. म्हणजे काकाने विकलेल्या २० गुंठ्यांतले ५ गुंठे त्याचे नव्हतेच! ज्याने पूर्ण किंमत मोजून, सातबारा तपासून, शोध घेऊन ती जमीन विकत घेतली, त्याच्या खरेदीतले ५ गुंठे, जन्मही न झालेल्या मुलाचे होते असे दोन वर्षांनी त्याला सांगावयाचे काय? उलट, त्या मुलाला वारस मानावयाचेच नाही असे म्हटले, तर एकाच बापाच्या, एकाच आईच्या पोटच्या दोन मुलांपैकी एकीला इस्टेट आणि दुसऱ्याला फक्त आडनाव, असा प्रकार होतो. दोन्ही बाजूंना अन्याय आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही.

कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायद्याच्या विसाव्या कलमाने पितृनिधनोत्तर जन्मलेल्या अपत्याची सोय केलेली आहे. बाप मरतेवेळी जे मूल गर्भात होते आणि नंतर जिवंत जन्मले, त्याला आधी जन्मलेल्या मुलासारखाच वारसा मिळतो आणि तो बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून मिळाला असे मानले जाते. ही कल्पना परकी नाही. वाटणीच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या पुत्राचा हिस्सा राखून ठेवावा, न राखल्यास वाटणी पुन्हा उघडता येते, हे आपल्या जुन्या धर्मशास्त्रालाही मान्य होते. परंतु कलमातला कळीचा शब्द आहे ‘गर्भात’. नायट्रोजनच्या टाकीतला भ्रूण गर्भात आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? १९५६ मध्ये हा कायदा करणाऱ्यांना टाकीतल्या भ्रूणाची कल्पना असणेच शक्य नव्हते. नळीत फलन झालेले जगातले पहिले मूल १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले.

काहीजण २०२१ च्या कायद्याच्या एकतिसाव्या कलमाकडे बोट दाखवितात. या तंत्राने जन्मलेले मूल उपचार घेणाऱ्या दांपत्याचे जैविक अपत्य मानले जाईल आणि नैसर्गिक अपत्याला कोणत्याही कायद्याखाली जे हक्क आहेत ते सारे त्याला मिळतील, असे ते कलम म्हणते. वाचावयास हे पुरेसे वाटते. पण थोडे थांबून विचार केला म्हणजे कलमाची मर्यादा दिसू लागते. नैसर्गिक अपत्याला तरी वारसा कधी मिळतो? बाप मरतेवेळी ते जन्मलेले असेल किंवा गर्भात असेल तेव्हाच. त्यानंतर गर्भात येणारे नैसर्गिक अपत्य ही निसर्गात वस्तूच नाही. तेव्हा त्याचे हक्क कोठून आणावयाचे? म्हणजे एकतिसावे कलम मुलाला बाप मिळवून देते, पण बापाची इस्टेट कोणत्या क्षणी उघडली, हा प्रश्न जेथल्या तेथेच ठेवते. शिवाय नवरा वारल्यावर ‘दांपत्य’ उरते काय, याविषयीही ते कलम मौन आहे.

पितृत्वाच्या पुराव्याचे तेवढे भय नाही. विवाह संपल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच मानावे, हे अनुमान जुन्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. दोन-तीन वर्षांनी जन्मलेल्या मुलाला हे अनुमान मिळणार नाही एवढेच. पण केंद्राची नोंद, नवऱ्याची संमती आणि जनुकीय चाचणी यांवरून बाप कोण हे सिद्ध करण्यास कोणती अडचण आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच, मृत पतीच्या साठविलेल्या बीजापासून विधवेला झालेले मूल औरसच मानावे आणि कायद्याने वैद्यकाबरोबर पुढे सरकावे, असे स्पष्ट म्हटले होते. खरी अडचण आहे ती पितृत्वाची नसून काळाची आहे.

आणि काळाची ही अडचण महाराष्ट्राने पूर्वी एकदा चांगलीच अनुभवलेली आहे, दत्तकाच्या रूपाने. मुंबई इलाख्यात पतीने मनाई केलेली नसेल तर विधवेला त्याच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येई, आणि तो दत्तक नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा पुत्र मानला जाई. नवरा जाऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर विधवेने दत्तक घ्यावा आणि मध्यंतरी भाऊबंदांकडे गेलेली जमीन त्याने परत मागावी, असे दावे या इलाख्यात होत गेले. १९४३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अनंत विरुद्ध शंकर या मुंबई इलाख्यातल्याच दाव्यात ही कल्पना फार लांबवर ताणली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कांगो यांच्या खटल्यात तिला आवर घातला. आणि १९५६ च्या दत्तक कायद्याने तिचा निकालच लावला. दत्तक हा दत्तक घेतल्या दिवसापासून पुत्र. त्यापूर्वी ज्याच्या हाती मालमत्ता कायद्याने गेली, त्याच्याकडून ती तो हिरावून घेऊ शकणार नाही.

म्हणजे १९५६ या एकाच वर्षी आपल्या संसदेने उशिरा येणाऱ्या दोन वारसांना दोन निरनिराळे न्याय दिले. गर्भस्थाला मागच्या तारखेपासून हक्क. दत्तकाला पुढच्या तारखेपासून. हा भेद लहरी नव्हता. गर्भस्थ मूल फार तर नऊ-दहा महिन्यांत जन्मणार हे सर्वांना ठाऊक असते. तेवढा काळ वाटणी थांबविता येते. दत्तक केव्हा येईल, येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेले मूल रक्ताने गर्भस्थासारखे आहे आणि काळाने दत्तकासारखे. त्याला यांपैकी एकाच साच्यात कोंबू पाहणारा प्रत्येक निकाल अर्धा चुकणार, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतर देशांनी येथे काय केले? ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९६ मध्ये नेमका हाच प्रश्न आला. मृत्युपत्र न करता वारलेल्या गृहस्थाचे व त्याच्या पत्नीचे दोन भ्रूण गोठवून ठेवलेले होते. भ्रूण गोठलेल्या अवस्थेत असताना त्याला कोणताही हक्क नाही, परंतु तो जिवंत जन्मल्यास त्याला बापाचे अपत्य म्हणून वारसा मिळेल, असा कौल न्यायालयाने दिला. मन हेलावणारा हा न्याय आहे. पण वाट किती वर्षे पाहावयाची, याचे उत्तर त्यात नाही. इंग्लंडने अगदी उलट वाट धरली. तेथे २००३ च्या कायद्याने मृत बापाचे नाव जन्माच्या नोंदीत घालण्याची मुभा मिळाली, मात्र त्या नोंदीने वारसा मिळणार नाही हेही त्याच वेळी ठरले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने मधला मार्ग शोधला : मृताने अशा वापरास सही करून लेखी संमती दिलेली असावी, मृत्यूचा दाखला मिळाल्यापासून चार महिन्यांच्या आत इस्टेट सांभाळणाऱ्याला सूचना दिलेली असावी आणि तो दाखला मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत मूल गर्भात आलेले असावे. या अटी पाळल्या तर मूल वारस. नाही तर नाही.

आम्हांला हा तिसरा मार्ग आपल्या परिस्थितीस बराचसा मानवणारा वाटतो. मात्र त्याला येथल्या मातीचे ठिगळ लावावे लागेल. पहिली गोष्ट संमतीची. २०२१ च्या कायद्याने, उभयतांपैकी कोणी वारल्यास किंवा अक्षम झाल्यास भ्रूणाचे काय करावे याची लेखी सूचना घेतल्याशिवाय केंद्राने भ्रूण गोठवू नये, असे बंधन घातलेलेच आहे. पण उपचारांच्या घाईत, दहा कागदांच्या गठ्ठ्यात, मृत्यूविषयीच्या रकान्यापुढची खूण किती दांपत्ये विचार करून करीत असतील? ‘माझ्या मागे पत्नीने हा भ्रूण वापरावा काय?’ आणि ‘त्या अपत्यास माझ्या इस्टेटीत हिस्सा मिळावा काय?’ हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची उत्तरे निरनिराळी असू शकतात. ते स्वतंत्रपणे विचारले जावेत, पुरेसा विचार करू देऊन विचारले जावेत आणि उत्तराची एक प्रत दांपत्याजवळ राहावी. जेथे नवऱ्याने नकार लिहून ठेवला आहे, तेथे कोणाच्याही अश्रूंनी तो पुसला जाता कामा नये.

दुसरी गोष्ट सूचनेची. नवरा वारल्यापासून सहा महिन्यांच्या आत पत्नीने इतर वारसांना व महसूल खात्याला कळवावे की भ्रूण राखलेले आहेत आणि त्यांचा वापर करण्याचा तिचा हक्क ती सोडीत नाही. वारसांच्या नोंदीच्या अर्जात यासाठी एक रकाना वाढविण्यास काय खर्च येणार आहे? सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंद असेल, तर जमीन विकत घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. विधवेने हे लगेच जाहीर करणे म्हणजे तिच्या खाजगी दुःखाचा बाजार, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. पण मौनाची किंमत शेवटी तिच्याच मुलाला दिवाणी न्यायालयात मोजावी लागणार असेल, तर हा संकोच परवडणारा नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. सूचना दिलेली असल्यास तीन वर्षेपर्यंत एका अपत्याचा हिस्सा राखून ठेवावा. शोकातून सावरणे, शरीराची तयारी, एक-दोन अपयशी प्रयत्न आणि गर्भारपणाचे नऊ महिने, यांना दोन वर्षे अपुरी पडतात आणि दहा वर्षे इतर वारसांना असह्य होतात. मुदतीत जन्मलेले मूल गर्भस्थाच्या न्यायाने वारस व्हावे. मुदतीनंतर जन्मलेले दत्तकाच्या न्यायाने : अपत्य म्हणून संपूर्ण मानाचे, बापाच्या नावाचे, पण वाटून गेलेली मालमत्ता परत न मागणारे. आणि सूचना नोंदलेली नसताना प्रामाणिकपणे जमीन विकत घेणाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. आमच्या उदाहरणातले ते ५ गुंठे खरेदीदाराकडेच राहावेत. मूल मुदतीत जन्मलेले असल्यास त्यांची किंमत काकाने पुतण्याला द्यावी. जमीन गेली तरी न्याय जाऊ नये.

संसद हे सारे केव्हा करील ते सांगवत नाही. दिल्लीच्या न्यायालयाने २०२४ च्या निकालात मरणोत्तर प्रजननाविषयी कायदा अथवा मार्गदर्शक तत्त्वे हवीत की काय, याचा विचार केंद्र सरकारने करावा असे सुचविले. पण तेथील प्रश्नही जन्माचा होता, वारशाचा नव्हता. तोवर ज्या दांपत्यांचे भ्रूण आज कोठे तरी टाकीत आहेत, त्यांनी कायद्याच्या आशेवर बसू नये. मृत्युपत्राचा मार्ग खुला आहे, परंतु तो जपून चालावा लागतो. हिंदू पुरुषाला अजून अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीला दान करता येत नाही, असे १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टागोर घराण्याच्या दाव्यात ठरविले होते; १९१६ च्या कायद्याने ती बंदी उठली, पण अटी राहिल्या. ‘पुढे होणाऱ्या मुलाला माझी बाग द्यावी’ एवढेच लिहिले, तर मरतेवेळी तसे मूल नसल्याने ती देणगी रद्द ठरण्याचा धोका आहे. म्हणून आधी पत्नीला हयातीपुरता उपभोग द्यावा आणि तिच्यानंतर त्या मालमत्तेतले उरलेले सारेच्या सारे हक्क आपल्या अपत्यांना, आधी जन्मलेल्या आणि त्या भ्रूणांपासून नंतर जन्मणाऱ्या अपत्यांसह, द्यावेत. अजून न जन्मलेल्याला अपुरा किंवा हयातीपुरता हक्क दिला, तर मृत्युपत्रातला तो भाग टिकत नाही. एखाद्या जाणत्या वकिलाकडून हे दोन परिच्छेद लिहून घेण्याचा खर्च उपचारांच्या एका फेरीच्या खर्चापुढे नगण्य आहे.

भ्रूण गोठवताना नवरा-बायको मुलाच्या जन्माची तारीख पुढे ढकलीत असतात. मृत्यूची तारीख त्यांच्या हाती नसते. या दोन तारखांमध्ये जे अंतर पडेल, त्यात मुलाचा हक्क हरवू नये आणि शेजाऱ्याची जमीनही हरवू नये, एवढी व्यवस्था लावून देणे हे कायद्याचे काम आहे. असा पहिला दावा कोकणातल्या एखाद्या न्यायालयात उभा राहील, तेव्हा न्यायाधीशांच्या हाती १९५६ चा एकच शब्द असावा आणि त्या शब्दात टाकी बसते की नाही यावर त्यांनी एका बालकाचे भवितव्य ठरवावे, ही स्थिती लोकनियुक्त संसदेला शोभणारी नाही. विसाव्या कलमाला दुरुस्तीची जोड द्यावयाची ती दावा उभा राहण्यापूर्वी. नंतरची दुरुस्ती त्या बालकाच्या कामी येणार नाही.